अमाइनची खेप: धुरातला CO₂ पकडणे, सोडणे आणि त्यासाठी लागणारी वाफ

प्रश्न: कोळशाच्या बॉयलरच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड अमाइनच्या द्रावणाने धुऊन काढतात असे वाचले. तो द्रावणात नेमका अडकतो कसा? तेच द्रावण परत परत वापरायचे तर त्यातून तो बाहेर कसा काढतात, आणि त्याला एवढी वाफ का लागते?

उत्तर:

हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून दिवसाला 20 टन CO₂ पकडणारा संच घेऊ. मध्य प्रदेशात एनटीपीसीच्या विंध्याचल वीज केंद्रात 2022 पासून याच क्षमतेचा संच आहे. तिथले द्रावण सुधारित तृतीयक अमाइनचे आहे. मी मात्र आकडेमोड मोनोइथेनॉलअमाइनच्या, म्हणजे एमईएच्या, पाण्यातल्या 30 टक्के द्रावणावर करतो. या क्षेत्रात बाकीची सगळी द्रावणे याच द्रावणाशी ताडून पाहतात, आणि एमईए नीट समजले की इतरांचे वेगळेपण आपोआप कळते.

20 टन दिवसाला म्हणजे तासाला 833 किलो. आत येणाऱ्या CO₂ पैकी 90 टक्के पकडायचा असेल तर तासाला साधारण 925 किलो आत यायला हवा. कोळशाच्या धुरात तो आकारमानाने 12 टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून तासाला सुमारे 3,900 सामान्य घनमीटर, म्हणजे 0 अंशांना आणि वातावरणाच्या दाबाला मोजलेला, धूर लागतो. 500 मेगावॉटच्या एका युनिटच्या चिमणीतून तासाला पंधरा-वीस लाख घनमीटर धूर जातो. त्यातली ही अगदी बारीक धार झाली.

आता अडकण्याबद्दल. धूर वातावरणाच्या दाबाला असतो आणि त्यात CO₂ फक्त 12 टक्के, म्हणजे त्याचा स्वतःचा दाब 0.12 बार. एवढ्या दाबाला 40 अंशांच्या साध्या पाण्यात तो लिटरमागे जेमतेम 0.1 ग्रॅम विरघळतो. नुसत्या विरघळण्यावर विसंबलो तर नदीएवढे पाणी फिरवावे लागेल. म्हणून द्रावणात असे काहीतरी हवे की जे CO₂ शी रासायनिक बंध जोडेल, पण तो बंध तापवल्यावर सुटेल. अमाइन नेमके ते करते.

एमईएच्या रेणूच्या एका टोकाला नायट्रोजन असतो आणि त्याच्याकडे एक मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी असते. CO₂ मधल्या कार्बनवर दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनची ओढ असल्याने त्याला इलेक्ट्रॉनांची उणीव असते. नायट्रोजन आपल्या जोडीने त्या कार्बनला धरतो. या धरण्यात नायट्रोजनवरचा एक हायड्रोजन प्रोटॉन म्हणून सुटतो, आणि तो उचलायला शेजारचा दुसरा अमाइन रेणू लागतो. पहिल्याचे कार्बामेट होते आणि दुसरा प्रोटॉन घेऊन बसतो:

```
2 HOCH2CH2NH2 + CO2 ⇌ HOCH2CH2NHCOO⁻ + HOCH2CH2NH3⁺ + उष्णता
```

या ओळीत पुढचे सगळे आहे. बाण दोन्ही दिशांना आहे, म्हणून द्रावण परत मोकळे करता येते. उष्णता उजवीकडे आहे, म्हणून थंडीत CO₂ पकडला जातो आणि तापवल्यावर सुटतो. आणि डावीकडे 2 आहे, म्हणून एका CO₂ साठी दोन अमाइन खर्ची पडतात. एमईएचा एक मोल कार्बामेटच्या वाटेने फार तर अर्धा मोल CO₂ धरू शकतो.

अमाइनच्या एका मोलमागे किती मोल CO₂ धरला आहे, या आकड्याला संचावर लोडिंग म्हणतात. पकडून आलेले द्रावण रिच, सोडून आलेले लीन. नवख्या माणसाला वाटते की लीन म्हणजे लोडिंग शून्य. तसे नसते. चांगल्या चालणाऱ्या एमईए संचात लीन लोडिंग 0.22 आणि रिच 0.47 च्या आसपास असते. म्हणजे द्रावण निम्मे भरलेलेच परत येते, उरलेल्या जागेत माल भरते आणि पुन्हा निघते. संचाची कमाई या दोन आकड्यांमधल्या फरकावर आहे. मी त्याला खेप म्हणेन, कारण द्रावण एका फेरीत जेवढे वाहून नेते तेवढेच आपले.

ही खेप किती भरते ते पाहू. 30 टक्के द्रावणाच्या एका किलोत एमईए 300 ग्रॅम, रेणुभार 61, म्हणजे 4.9 मोल. त्याला 0.25 ने गुणले की 1.23 मोल CO₂, म्हणजे 54 ग्रॅम. एका किलो द्रावणात एका फेरीत 54 ग्रॅम. तासाला 833 किलो पकडायचे तर तासाला सुमारे 15.4 टन द्रावण फिरले पाहिजे. एक किलो CO₂ मागे साडेअठरा किलो द्रावण थंड बाजूकडून गरम बाजूकडे जाते आणि परत येते. हा साडेअठराचा आकडा लक्षात ठेवा, वाफेच्या हिशेबात तो परत येणार आहे.

थंड बाजू: ॲब्सॉर्बर

बॉयलरचा धूर गरम येतो. आधी गंधक काढणारा ओला संच असेल तर 50 ते 55 अंशांना, नसेल तर 130 च्याही वर. ॲब्सॉर्बरच्या आधी एका मनोऱ्यात तो पाण्याच्या फवाऱ्याखाली 40 अंशांपर्यंत थंड करतात. बहुतेक ठिकाणी त्याच पाण्यात कॉस्टिक सोडा टाकून उरलासुरला सल्फर डायऑक्साइडही काढून घेतात. त्याचे कारण पुढे येईल. मग ब्लोअर धुराला ॲब्सॉर्बरच्या तळाशी ढकलतो.

ॲब्सॉर्बर म्हणजे आत घडीघडीच्या पत्र्यांचे पॅकिंग भरलेला उंच मनोरा. वरून 40 अंशांचे लीन द्रावण पॅकिंगच्या पत्र्यांवर पातळ पापुद्र्यासारखे उतरते आणि खालून धूर चढतो. उलट दिशांनी जाण्याला कारण आहे. तळाशी भरत आलेल्या द्रावणाला सर्वात दाट धूर भेटतो आणि माथ्याशी विरळ झालेल्या धुराला सर्वात भुकेले द्रावण भेटते, त्यामुळे दोन्ही टोकांना ओढ टिकून राहते.

बंध जोडताना सुटणारी उष्णता थोडी नाही. एमईएसाठी ती मोलमागे सुमारे 84 किलोज्यूल, म्हणजे CO₂ च्या किलोमागे 1.9 मेगाज्यूल आहे. त्यामुळे मनोऱ्याच्या मधल्या-वरच्या भागात द्रावण 60 ते 75 अंशांपर्यंत तापते. तापमानमापकांच्या ओळीत हा फुगवटा स्पष्ट दिसतो. तो कुठे बसतो ते धूर आणि द्रावण यांच्या प्रमाणावर ठरते: द्रावण कमी असेल तर तो वर सरकतो, जास्त असेल तर खाली उतरतो. तापलेल्या जागी द्रावणाची पकडण्याची ओढ कमी होते, म्हणून मोठ्या संचांत मधूनच द्रावण काढून, थंड करून परत सोडतात. आपल्या 20 टनी संचाला सहसा त्याची गरज पडत नाही.

पॅकिंगच्या वर पाण्याने धुण्याचा एक टप्पा असतो. गरम द्रावणावरून निघालेल्या धुराबरोबर एमईएची वाफ जाते, ती इथे पाण्यात पकडून परत आणतात. याच टप्प्याचा कूलर संचातल्या पाण्याचा ताळमेळही ठरवतो, आणि हा मुद्दा नवीन चालकांच्या ध्यानात फार उशिरा येतो.

धूर 40 अंशांना आत आला तर आपल्या संचात तो तासाला सुमारे 250 किलो पाण्याची वाफ आणतो. बाहेर जाणारा धूर CO₂ गेल्यामुळे थोडा कमी असतो. तोही 40 अंशांनाच बाहेर पडला तर सुमारे 220 किलो नेतो, आणि वेगळा झालेला CO₂ स्वतःबरोबर 15 किलो. ताळमेळ जवळपास जुळला. आता धुण्याच्या पाण्याचा कूलर गाळाने भरला आणि धूर 45 अंशांना जाऊ लागला, तर तो 294 किलो पाणी नेईल. तासाला 60 किलोची तूट, म्हणजे दिवसाला दीड टन. संचात एकूण द्रावण 12 टन असेल तर एका दिवसात 30 टक्क्यांचे 34 टक्के होते. कुणी काही मिसळले नाही, गळतीही नाही, तरी द्रावण दाट झाले, आणि दाट एमईए लोखंडाला जास्त खाते. पाच अंशांची ही किंमत आहे. उलट धूर आत येण्यापेक्षा थंड होऊन बाहेर पडला तर पाणी साठत जाते, द्रावण पातळ होते आणि खेप हलकी होते: 25 टक्क्यांवर आले तर तेवढ्याच CO₂ साठी 15.4 ऐवजी साडेअठरा टन द्रावण फिरवावे लागते. म्हणून टाकीची पातळी सावकाश चढू किंवा उतरू लागली की आधी पाणी घालण्याचा किंवा काढण्याचा वाल्व हातात घेऊ नका. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या धुराची तापमाने शेजारी ठेवून पाहा.

गरम बाजू: स्ट्रिपर

ॲब्सॉर्बरच्या तळातून 45 ते 50 अंशांचे रिच द्रावण पंपाने निघते आणि प्लेटच्या उष्णता-विनिमयकात शिरते. दुसऱ्या बाजूने स्ट्रिपरमधून आलेले 120 अंशांचे लीन द्रावण असते. दोघे उष्णतेची अदलाबदल करतात: रिच 110 पर्यंत तापते, लीन 60 च्या आसपास थंड होते आणि मग पाण्याच्या कूलरमधून 40 ला येते. या विनिमयकाशिवाय संच परवडतच नाही.

तापलेले रिच द्रावण स्ट्रिपरच्या वरच्या भागात सोडतात. स्ट्रिपरही पॅकिंगचाच मनोरा, पण त्यात खालून धूर नव्हे, वाफ चढते. तळाशी रिबॉयलर असतो. त्यात बाहेरची वाफ नळ्यांच्या एका बाजूला थंडावते आणि दुसऱ्या बाजूला द्रावण उकळते. त्यातून निघालेली पाण्याची वाफ पॅकिंगमधून वर जाते. ही वाफ एका वेळी तीन कामे करते. द्रावणाला तापवते, कार्बामेटचा बंध तोडायला लागणारी उष्णता देते, आणि सुटलेला CO₂ वर ढकलून नेते. तिसरे काम लोक विसरतात. बंद भांड्यात रिच द्रावण नुसते 120 अंशांना तापवून ठेवले तर थोडा CO₂ सुटेल, त्याचा दाब वाढेल आणि अभिक्रिया तिथेच थबकेल. वाफ सतत येऊन त्या वायूला बाजूला सारत असते, म्हणून बंध तुटत राहतात.

माथ्यातून CO₂ आणि वाफ यांचे मिश्रण सुमारे 100 अंशांना निघते. कंडेन्सरमध्ये पाणी थंड होऊन वेगळे होते आणि परत माथ्यात सोडतात. उतरताना ते वर येणारी एमईएची वाफही धुऊन खाली आणते. उरतो तो CO₂, कोरड्या हिशेबाने 99 टक्क्यांहून शुद्ध.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा: एवढी वाफ का? एका किलो CO₂ मागे जाणारी उष्णता तीन भागांत मोजू.

पहिला भाग बंध तोडण्याचा. ॲब्सॉर्बरमध्ये 1.9 मेगाज्यूल सुटले होते, ते इथे परत द्यावे लागतात. यात कसलीही काटकसर होत नाही. अमाइन बदलले तरच हा आकडा बदलतो.

दुसरा भाग द्रावण तापवण्याचा. विनिमयकाने रिच द्रावण 110 पर्यंत आणले, रिबॉयलर 120 ला आहे, म्हणजे 10 अंशांचे अंतर उरले. किलोमागे साडेअठरा किलो द्रावण, त्याची विशिष्ट उष्णता सुमारे 3.7 किलोज्यूल, म्हणजे 0.7 मेगाज्यूल.

तिसरा भाग माथ्यातून निसटणाऱ्या वाफेचा. स्ट्रिपर 1.8 बार निरपेक्ष दाबाला आहे आणि माथा 100 अंशांना. 100 अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब 1 बार असतो, उरलेला 0.8 बार CO₂ चा. म्हणजे CO₂ च्या एका मोलबरोबर सव्वा मोल पाणी, किलोमागे अर्धा किलो वाफ. तिची उष्णता कंडेन्सरच्या पाण्यात जाते आणि आपल्या हातून निसटते. हे झाले 1.1 मेगाज्यूल.

बेरीज 3.7 मेगाज्यूल, म्हणजे टनामागे 3.7 गिगाज्यूल. साध्या एमईए संचांचा अनुभव 3.6 ते 4 चा आहे, त्यात हे बसते. साडेतीन बारची संपृक्त वाफ वापरली तर तासाला 1,430 किलो वाफ, म्हणजे एक टन CO₂ ला 1.7 टन वाफ. 500 मेगावॉटच्या पूर्ण युनिटवर हेच गणित केले तर तासाला सुमारे 700 टन वाफ होते. अशा युनिटच्या बॉयलरची एकूण वाफ 1,600 टनांच्या आसपास असते. मधल्या आणि कमी दाबाच्या टर्बाइनच्या मधून ही वाफ काढली की तेवढी वीज हातून जाते. या तंत्राचा खरा अडसर इथे आहे.

हे तीन भाग समोर ठेवले की लीन द्रावण पूर्ण रिकामे का करत नाहीत तेही उमगते. लोडिंग 0.22 वरून 0.10 वर आणायला गेलो तर शेवटचा CO₂ फार घट्ट धरलेला असतो. तो सोडवायला त्याच्याभोवतीचा CO₂ चा दाब खूप खाली आणावा लागतो, म्हणजे खूप वाफ नुसती वाहून न्यावी लागते आणि तिसरा भाग फुगतो. उलट वाफ वाचवायला लीन 0.32 वर सोडले तर खेप 0.15 ची उरते, तासाला 25 टनांहून जास्त द्रावण फिरवावे लागते आणि दुसरा भाग 0.7 वरून 1.1 च्या वर जातो. शिवाय माथ्याशी द्रावण पुरेसे भुकेले नसल्याने CO₂ निसटू लागतो. दोन्हींच्या मध्ये, 0.2 ते 0.25 च्या आसपास, वाफेचा खर्च सर्वात कमी असतो. संच सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत द्रावणाचा प्रवाह पायरीपायरीने बदलत, पकड 90 टक्क्यांवर धरून, प्रत्येक पायरीला टनामागची वाफ नोंदवा. तुमच्या संचाचा तळबिंदू कागदावर दिसेल. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा तो जास्त खरा.

मग रिबॉयलर आणखी गरम का करत नाहीत? दाब वाढवला तर तापमान चढते, आणि मोलमागे पाहिले तर एमईएच्या बंधाची उष्णता पाण्याच्या बाष्पीभवनाच्या उष्णतेच्या जवळजवळ दुप्पट असल्यामुळे गरम स्ट्रिपरमध्ये माथ्यातून निसटणारी वाफ कमी होते. फायदा खरा आहे. पण 120-122 अंशांच्या वर कार्बामेटच स्वतःशी जुळून ऑक्झाझोलिडिनोन आणि त्यापुढचे जड पदार्थ होऊ लागतात, आणि असे बिघडलेले अमाइन परत मिळत नाही. द्रावणाचे सरासरी तापमान 120 असले तरी नळीच्या पृष्ठभागाला ते जास्त असते. म्हणून रिबॉयलरला साडेतीन बारच्या आसपासची, 139 अंशांची संपृक्त वाफच द्यावी. जास्त तापलेली वाफ आधी पाणी फवारून खाली आणावी लागते, आणि तो फवारा बंद पडला तर दोन-तीन आठवड्यांत द्रावणाचा रंग सांगतो.

काय बिघडते

पहिला शत्रू सल्फर डायऑक्साइड. तो CO₂ पेक्षा जोरकस आम्ल आहे. अमाइनशी त्याचे जे मीठ होते, ते स्ट्रिपरमध्ये तापवून सुटत नाही. पुढे ऑक्सिजनने त्याचे सल्फेट होते आणि एका सल्फेटमागे दोन अमाइन कायमचे अडकतात. आपल्या संचात धुरात 100 पीपीएम सल्फर डायऑक्साइड आला तर दिवसाला 50 किलो एमईए अडकते. संचात एकूण एमईए 3,600 किलो. दिवसाला जवळजवळ दीड टक्का. 10 पीपीएमवर आणले तर हे नुकसान 5 किलो. म्हणून थंड करण्याच्या मनोऱ्यात कॉस्टिक घालून 10 पीपीएमच्या खाली जाण्याचा आग्रह धरतात. अमाइनपेक्षा कॉस्टिक कितीतरी स्वस्त पडते.

दुसरा शत्रू धुरातला ऑक्सिजन. 5-6 टक्के ऑक्सिजन एमईए हळूहळू जाळतो: फॉर्मेट, ऑक्झलेट यांसारखी आम्ले आणि अमोनिया तयार होतो. द्रावणातले विरघळलेले लोह आणि तांबे हे काम वेगाने करवतात. इथे एक वाईट चक्र आहे. बिघाडातून आलेली आम्ले लोखंड खातात, लोह द्रावणात येते, लोह आणखी बिघाड करवते. त्यामुळे आठवड्याच्या तपासणीत लोहाचा आकडा चढताना दिसला की तो एकट्या गंजाचा प्रश्न समजू नये. गरम रिच द्रावणाची पाइप, विनिमयकाची गरम बाजू, रिबॉयलर आणि स्ट्रिपरचा तळ या जागा स्टेनलेस स्टीलच्या ठेवतात ते यासाठीच. ऑक्सिडेशनची सर्वात लवकर दिसणारी खूण म्हणजे चिमणीतला अमोनिया. द्रावण गडद तपकिरी व्हायच्या आधी तो वाढतो.

तयार झालेली मिठे आणि जड पदार्थ काढायला रिक्लेमर असतो. लीन द्रावणाची एक-दोन टक्क्यांची धार एका भांड्यात घेऊन, सोडा ॲश किंवा कॉस्टिक घालून 140-150 अंशांपर्यंत उकळतात. त्यातला सोडियम मिठातल्या अमाइनची जागा घेतो, मोकळे झालेले एमईए पाण्याबरोबर बाष्प होऊन स्ट्रिपरमध्ये परत जाते आणि भांड्यात दाट काळा गाळ उरतो. तो घातक कचरा म्हणूनच विल्हेवाटीला द्यावा लागतो. तृतीयक अमाइने उकळायला जड असल्याने त्यांच्यासाठी निर्वातातले ऊर्ध्वपातन किंवा आयन-एक्सचेंज वापरतात.

तिसरी गोष्ट राख. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात बाउंड्री डॅम केंद्राच्या तिसऱ्या युनिटवर 2014 मध्ये वर्षाला दहा लाख टनांच्या बेताचा अमाइन संच सुरू झाला. बारीक उडती राख आत शिरून उपकरणे तुंबणे आणि अमाइन बिघडणे या दोन गोष्टींनी त्याची सुरुवातीची वर्षे खाल्ली. राखेचे कण आणखी एक नुकसान करतात: अमाइनच्या द्रावणात बुडबुडे स्थिर ठेवतात. मग ॲब्सॉर्बरमध्ये फेस येतो. फेस ओळखायची खूण म्हणजे मनोऱ्यातला दाबफरक. धूर तेवढाच असताना तो चढतो, आणि स्थिर न राहता झोके घेतो. त्याच वेळी तळाची पातळी पडते, कारण द्रावण वर अडकलेले असते. मोजपात्रात नमुना घेऊन जोरात हलवा. चांगल्या द्रावणाचा फेस काही सेकंदांत बसतो, बिघडलेल्याचा मिनिटभर राहतो. फेसरोधक टाकला की झोके थांबतात, पण तो रोज टाकावा लागत असेल तर गाळणी आणि सक्रिय कोळशाचा फिल्टर बदलायची वेळ झालेली आहे. फेसरोधक जास्त झाला तर तोच फेस करतो.

शेवटी, रोजचा सर्वात नेहमीचा प्रश्न: पकड 90 वरून 80 वर आली, कुठे पाहायचे? लीन आणि रिच, दोन्ही नमुने घ्या, आणि तीन आकडे काढा: आम्लाशी टायट्रेशन करून अमाइनची ताकद, लीन लोडिंग, रिच लोडिंग.

ताकद घसरली असेल तर पाण्याचा ताळमेळ चुकला आहे किंवा अमाइन मिठात अडकले आहे. या दोन्हींतला फरक मिठांच्या आकड्यावरून कळतो. ताकद ठीक आणि लीन लोडिंग 0.30 असेल तर दोष गरम बाजूला आहे: रिबॉयलरला वाफ कमी पडते आहे, वाफ थंड होऊन झालेले पाणी, म्हणजे कंडेन्सेट, तुंबून नळ्या बुडाल्या आहेत, किंवा विनिमयक गाळाने भरला आहे. विनिमयकातले अंतर 10 अंशांवरून 15 झाले तरी वाफेची गरज तासाला 130 किलोंनी वाढते, आणि वाफेचा वाल्व आधीच पूर्ण उघडा असेल तर ती तूट लीन लोडिंगमध्ये उतरते. लीन ठीक पण रिच 0.40 वरच थांबते आहे, तर द्रावणाला भरायला संधी मिळत नाही: ॲब्सॉर्बरमध्ये फेस आहे, माथ्याशी द्रावण सगळीकडे पसरवणारा वितरक तुंबून ते एकाच बाजूने उतरते आहे, किंवा लीनचा कूलर 40 ऐवजी 50 अंशांचे द्रावण पाठवतो आहे. मे महिन्यात कूलिंग टॉवरचे पाणीच गरम येते तेव्हा हा शेवटचा दोष हमखास दिसतो. आणि लीन आणि रिच दोन्ही अचूक असून पकड कमी दिसत असेल, तर द्रावणाचा प्रवाहमापक तपासा. दोन लोडिंगच्या फरकाला प्रवाह आणि ताकदीने गुणून येणारा CO₂ स्ट्रिपरच्या माथ्याच्या मीटरवरच्या CO₂ शी जुळायलाच हवा. पाच टक्क्यांहून जास्त फरक पडला तर यांपैकी एखादे मोजमाप खोटे आहे, आणि ते सापडेपर्यंत कुठलाही वाल्व हलवू नये.

वर सांगितलेल्या पहिल्या भागात, म्हणजे बंधाच्या 1.9 मेगाज्यूलमध्ये, बचत हवी असेल तरच अमाइन बदलण्याचा विचार येतो. तृतीयक अमाइनच्या नायट्रोजनवर हायड्रोजन नसतो, म्हणून कार्बामेट होतच नाही. ते फक्त CO₂ आणि पाणी यांच्यातून बायकार्बोनेट घडवून आणते, एकास एक प्रमाणात. लोडिंगची मर्यादा दुप्पट आणि बंध सैल, त्यामुळे सोडवायला उष्णता कमी. पण वेग मंद, म्हणून त्यात पायपरेझिनसारखे वेगवान अमाइन थोडे मिसळतात. नायट्रोजनच्या शेजारी अवजड फांद्या असलेली अमाइने याच्या मधली: कार्बामेट होते, पण टिकत नाही. मित्सुबिशीचे केएस-1 या जातीचे आहे. ते 2006 पासून उत्तर प्रदेशातल्या इफ्कोच्या आंवला आणि फूलपूर इथल्या खत कारखान्यांत रिफॉर्मरच्या धुरातून दिवसाला प्रत्येकी 450 टन CO₂ काढून युरियाला देते, आणि 2017 पासून टेक्सासच्या पेट्रा नोव्हात कोळशाच्या धुरावरही चालले. नैसर्गिक वायू जाळलेल्या रिफॉर्मरच्या धुरात राख नसते आणि गंधक नगण्य. कोळशावर तेच द्रावण वापरायचे तर खर्चाचा आणि लक्षाचा मोठा वाटा अमाइनच्या आधीच्या धुलाईला द्यावा लागतो.